गाड्या देऊन गाड्याच घेणारे शेजारी

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा इथे कॅनडातल्या विंडसरला राहायला आला होता. नदीकाठच्या रस्त्यावरून आम्ही दोघं चाललो होतो. समोर डेट्रॉइट नदी, पलीकडे अमेरिका, आणि दोन्ही काठांना जोडणारा 1929 सालचा अँबेसेडर पूल. नव्याकोऱ्या गाड्या लादलेला एक ट्रेलर अमेरिकेच्या दिशेने चालला होता आणि समोरून तसाच दुसरा ट्रेलर, तशाच नव्याकोऱ्या गाड्या घेऊन, कॅनडात येत होता. "मावशी," तो म्हणाला, "यांनी आपापल्या गाड्या आपापल्याकडेच ठेवल्या तर भाड्याचे पैसे वाचणार नाहीत का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मी इथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात उत्पादन नियोजनाचं काम करते, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर रोज माझ्या टेबलावर आकड्यांच्या रूपात येत असतं. तरी त्याला ते दोन वाक्यांत सांगता येईना. म्हणून हा लेख.

शाळा-कॉलेजात आपण व्यापाराचं जे कारण शिकतो ते फरकाचं असतं. कॅनडाकडे पोटॅशच्या खाणी आहेत, भारताकडे जवळपास नाहीत, म्हणून खतासाठी लागणारं पोटॅश कॅनडातून भारतात जातं. एका देशाकडे जमीन भरपूर, दुसऱ्याकडे माणसं भरपूर. ज्याच्याकडे जे सोपं ते त्याने करावं आणि अदलाबदल करावी. पोटॅशला हे उत्तर लागू पडतं. पण पुलावरच्या त्या दोन ट्रेलरना कसं लागू पडणार? दोन्ही काठांवर तीच यंत्रं, त्याच कंपन्या, जवळपास तेच पगार, हवासुद्धा तीच. फरकच नाही, तरी व्यापार आहे, आणि तो प्रचंड आहे. एकाच उद्योगातला माल दोन्ही दिशांनी जाण्याच्या या प्रकाराला उद्योगांतर्गत व्यापार म्हणतात. श्रीमंत देशांच्या आपसातल्या व्यापाराचा फार मोठा भाग असाच असतो: जर्मनी फ्रान्सला गाड्या विकतो आणि फ्रान्सकडून गाड्या घेतो.

याचं कारण समजून घ्यायला विंडसरइतकी चांगली जागा मला तरी माहीत नाही. कारण इथे हा व्यापार जवळजवळ नव्हताच, आणि मग एका कराराने तो अवघ्या काही वर्षांत उभा राहिला. आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहता येतं.

सुरुवात 1904 सालापासून. डेट्रॉइटमध्ये हेन्री फोर्डची कंपनी सुरू होऊन वर्षच झालं होतं, आणि नदीच्या या बाजूला, आज विंडसरचाच भाग असलेल्या वॉकरव्हिलमध्ये, फोर्ड कॅनडा सुरू झाली. नदीपलीकडे कारखाना असताना अलीकडे दुसरा कशाला? कारण कॅनडात गाडी आणायची तर 35 टक्के आयात शुल्क भरावं लागे. कारखानाच अलीकडे आणला की ते शुल्क टळतं. शिवाय कॅनडात बनलेली गाडी ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांत, भारतातसुद्धा, विकण्याचे हक्क या कंपनीला होते. पुढे जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांनीही असेच कारखाने इथे चालवले.

शुल्क पुढे कमी होऊन साडेसतरा टक्क्यांवर आलं, पण भिंत म्हणून तेही पुरेसं उंच होतं. 1960च्या सुमारास स्थिती अशी होती की कॅनडाचा वाहन उद्योग म्हणजे अमेरिकी उद्योगाची एक छोटी प्रतिकृती. त्याच कंपन्या, तीच मॉडेलं, फक्त आकार साधारण एक दशांश. कॅनडात विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या कॅनडातच जोडल्या जात, आणि इथे जोडलेली गाडी अमेरिकेत क्वचितच जाई.

ही प्रतिकृती कुठे अडखळत होती ते कारखान्याच्या आत गेल्याशिवाय कळत नाही. गाडीचा दरवाजा किंवा बॉनेट पत्र्याच्या तावातून दाबून काढतात. त्यासाठी दुमजली घराएवढा प्रेस लागतो आणि त्यात बसवायचा डाय लागतो. डाय म्हणजे पोलादाचा जोड-साचा, काही टन वजनाचा. एका मॉडेलच्या दरवाजाचा डाय दुसऱ्या मॉडेलला चालत नाही. एक डाय उतरवून दुसरा चढवायचा म्हणजे प्रेस थांबवायचा, क्रेनने जुना डाय काढायचा, नवा बसवून नीट जुळवायचा, मग चाचणीचे तुकडे काढायचे. ते वाकडे निघाले, कडेला सुरकुती आली किंवा पत्रा फाटला, की पुन्हा जुळवणी. त्या काळात या सगळ्यात कित्येक तास जात. या वेळेत पगार चालू, वीज चालू, आणि माल शून्य.

आता अमेरिकेतल्या मोठ्या कारखान्यात एका मॉडेलचाच खप इतका असे की एक प्रेस एकाच डायवर दिवसेंदिवस चाले. कॅनडातल्या कारखान्याला मात्र त्याच प्रेसवर पाच-सहा मॉडेलं फिरवावी लागत, कारण गिऱ्हाईक थोडं आणि त्याला हवी असलेली विविधता तेवढीच. मग दोनच वाटा उरतात. डाय वारंवार बदला, म्हणजे बंद वेळ वाढते. नाहीतर एकदा चढवलेल्या डायवर पुढच्या दोन महिन्यांचे दरवाजे काढून ठेवा, म्हणजे गोदाम भरतं, पैसा अडकतो, आणि दरम्यान डिझाइनमध्ये बारीकसा बदल झाला तर साठवलेला माल भंगारात जातो. शिवाय इतक्या थोड्या नगांसाठी एकाच कामाला वाहिलेलं महागडं यंत्र घेणं परवडत नाही, म्हणून सगळी कामं बेताची करणारी साधी यंत्रं घ्यावी लागतात. त्या काळात कॅनडाच्या वाहन उद्योगाची दर कामगारामागची उत्पादकता अमेरिकेपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी कमी होती. कामगार तितकेच कसबी होते. उणीव होती ती लांब सलग उत्पादनाची, आणि नियोजनाचं काम करणारी म्हणून मला हे ठामपणे सांगावंसं वाटतं, कारण अशा आकड्यांचं खापर पहिल्यांदा माणसांवरच फुटतं.

लहान बाजारात विविधता टिकवायची धडपड किती कल्पक होती तेही पाहण्यासारखं आहे. जनरल मोटर्सची कॅनडात विकली जाणारी पाँटिअॅक वरून पाँटिअॅकसारखी दिसे, पण खाली सांगाडा आणि इंजिन त्याच कंपनीच्या शेव्हर्लेचं असे, म्हणजे एकाच सामानातून दोन गाड्या. फोर्डने इथे मीटिअर नावाची स्वतंत्र गाडी काढली. ती मुळात फोर्डच, फक्त चेहरा बदललेला. मर्क्युरी नावाचे मालवाहू ट्रकही इथे विकले जात. तेही फोर्डचेच ट्रक, केवळ ज्या गावात फोर्डचा विक्रेता नाही आणि मर्क्युरीचा आहे त्या गावासाठी. इथल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत या गाड्या मिरवतात आणि पलीकडून आलेले अमेरिकी पाहुणे आपण कधी न पाहिलेली नावं वाचत उभे राहतात. मला त्या गाड्या फार आवडतात, पण त्यांचा प्रत्येक वेगळा दिवा आणि वेगळी जाळी म्हणजे थोड्याशा नगांवर टाकलेला खर्च होता, आणि तो इथला गिऱ्हाईक भरत होता.

1962 साली कॅनडाने अमेरिकेला वाहनं आणि सुटे भाग मिळून 1 कोटी 60 लाख डॉलरचा माल विकला आणि अमेरिकेकडून 51 कोटी 90 लाख डॉलरचा घेतला, बहुतेक करून इथे जोडण्यासाठी लागणारे भाग. म्हणजे वाहतूक जवळजवळ एकतर्फी.

सरकारला ही तूट बोचत होती. 1960 साली व्हिन्सेंट ब्लेडन या अर्थतज्ज्ञांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला होता, आणि त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की भिंत आणखी उंच करू नका, कारखान्यांना मोठ्या बाजारात शिरू द्या. त्यानंतर कॅनडाने निर्यात वाढवणाऱ्या कंपन्यांना आयात शुल्क परत देण्याची योजना आणली. यावर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या मोडाइन या रेडिएटर बनवणाऱ्या कंपनीने आक्षेप घेतला: ही तर निर्यातीला दिलेली छुपी मदत आहे, ती भरून काढणारं भरपाई शुल्क लावा. तसं शुल्क लागलं असतं तर कॅनडाने उत्तर दिलं असतं, आणि दोन्ही बाजूंना असलेल्या त्याच कंपन्या मधल्या मध्ये चिरडल्या असत्या. या पेचातून वाटाघाटी सुरू झाल्या आणि 16 जानेवारी 1965 रोजी कॅनडाचे पंतप्रधान लेस्टर पिअर्सन आणि अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी, जॉन्सन यांच्या टेक्सासमधल्या शेतावर, करारावर सह्या केल्या. इथे त्याला ऑटो पॅक्ट म्हणतात.

कराराचा गाभा असा: वाहन कंपन्यांना गाड्या आणि मूळ जोडणीचे भाग सीमेपलीकडे विनाशुल्क नेता-आणता येतील. याचा परिणाम गिऱ्हाइकाला दिसायच्या आधी नियोजन करणाऱ्याला दिसला. आता विंडसरच्या किंवा ओशावाच्या कारखान्याला कॅनडातल्या गिऱ्हाइकाची सगळी हौस एकट्याने पुरवायची गरज राहिली नाही. त्याने एखाद-दोन मॉडेलं घ्यायची आणि ती साऱ्या उत्तर अमेरिकेसाठी बनवायची. बाकीची मॉडेलं पलीकडून येतील. जनरल मोटर्सने कॅनडात जोडल्या जाणाऱ्या मॉडेलांची संख्या निम्म्यावर आणली, आणि तरी एकूण उत्पादन आणि रोजगार टिकून राहिले.

हे नेमकं कसं घडतं ते एका हिशोबात मांडते. हिशोब माझा आहे, आकडे सोपे राहावेत म्हणून ठरवलेले. समजा, एक मॉडेल चालू ठेवायचं तर वर्षाला 50 कोटी डॉलरचा स्थिर खर्च आहे: डाय, यंत्रं, डिझाइन, चाचण्या. तो एक गाडी काढा नाहीतर लाख काढा, बदलत नाही. आणि प्रत्येक गाडीमागे पत्रा, टायर, मजुरी यांचा खर्च 15,000 डॉलर. लहान देशात वर्षाला 2 लाख गाड्या खपतात, मोठ्या देशात 18 लाख.

सीमा बंद असताना लहान देश चार मॉडेलं बनवतो, प्रत्येकी 50,000. 50 कोटी भागिले 50,000, म्हणजे गाडीमागे 10,000 डॉलर स्थिर खर्चाचे. एकूण 25,000 डॉलर. मोठा देश नऊ मॉडेलं बनवतो, प्रत्येकी 2 लाख. तिथे गाडीमागे स्थिर खर्च अडीच हजार, आणि एकूण 17,500.

आता सीमा उघडा. लहान देश तीन मॉडेलं सोडून देतो आणि उरलेलं एकच 2 लाख नग बनवतो. त्याचा खर्चही 17,500 वर येतो. सगळीकडे मिळून दहा मॉडेलं आहेत आणि समजा दोन्ही देशांतली माणसं या दहांत सारखी वाटली गेली. मग लहान देशातले 2 लाख गिऱ्हाईक प्रत्येक मॉडेलच्या 20,000 गाड्या घेतात. म्हणजे स्वतःच्या देशातल्या 20,000, आणि पलीकडून 1 लाख 80 हजार. कारखान्याने काढलेल्या 2 लाखांपैकी 20,000 घरी राहिल्या, उरलेल्या 1 लाख 80 हजार पलीकडे गेल्या.

हे आकडे थोडं थांबून पाहा. देशात बनणाऱ्या गाड्या आधी 2 लाख, नंतरही 2 लाख. आयात आणि निर्यात तंतोतंत सारखी. वरवर पाहणारा म्हणेल, मग मिळवलं काय, नुसतीच ने-आण. पण गिऱ्हाइकापुढे चारऐवजी दहा मॉडेलं आहेत आणि प्रत्येक गाडी साडेसात हजार डॉलर कमी खर्चात बनते आहे. भाड्याचे पैसे साडेसात हजारांहून कितीतरी कमी असतात. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर याच वजाबाकीत आहे. आणि हेही दिसतं की मोठ्या देशाला तुलनेने थोडंच मिळालं: खर्च होता तेवढाच, फक्त एक मॉडेल वाढलं. लहान देशाची गरज मोठी असते, कारण त्याच्या घरच्या बाजारात लांब सलग उत्पादनाला जागाच नसते.

अर्थशास्त्रात हे चित्र गणितात बसवायला बराच वेळ लागला. अडचण अशी होती की स्थिर खर्च मोठा असला की प्रत्येक मॉडेलमागे एखादाच उत्पादक उरतो, आणि मग भरपूर विक्रेते असलेल्या मुक्त स्पर्धेचं नेहमीचं गणित चालत नाही. मुंबईत जन्मलेले अविनाश दीक्षित आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी 1977 साली याला वाट काढली. त्यांच्या मांडणीत प्रत्येक उत्पादकाचा माल थोडा वेगळा असतो, गिऱ्हाइकाला विविधता हवी असते, आणि बाजाराचा आकार ठरवतो की किती प्रकार तग धरतील. दोन वर्षांनी, 1979 साली, पॉल क्रुगमन यांनी हीच मांडणी दोन देशांना लावून दाखवली: दोन देश सर्व बाबतींत सारखे असले तरी ते व्यापार करतील, आणि दोघांनाही त्याचा फायदा होईल. 2008 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यामागे हे काम होतं. आपल्या त्या ट्रेलरचं सैद्धांतिक घर ते हेच.

प्रत्यक्षात पुलावर काय झालं? 1968 साली, म्हणजे करारानंतर तीनच वर्षांत, कॅनडाची अमेरिकेला होणारी वाहन-निर्यात 240 कोटी डॉलर झाली होती आणि आयात 290 कोटी. दोन्ही वाढल्या, आणि दोन्ही जवळ आल्या. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या कारखान्यांची उत्पादकता अमेरिकेच्या बरोबरीला आली.

असा व्यापार किती दुतर्फी आहे हे मोजायला एक साधं सूत्र वापरतात. हर्बर्ट ग्रुबेल आणि पीटर लॉइड यांनी ते 1975 साली रूढ केलं. निर्यात X आणि आयात M धरली तर

`GL = 1 - |X - M| / (X + M)`

उत्तर शून्य आलं तर व्यापार पूर्ण एकतर्फी, एक आलं तर दोन्ही बाजू अगदी समान. 1962चे आकडे कोटींत घाला: 51.9 वजा 1.6 म्हणजे 50.3, बेरीज 53.5. 50.3 भागिले 53.5 म्हणजे 0.94, आणि निर्देशांक 0.06. आता 1968: फरक 50, बेरीज 530, भागाकार 0.09, आणि निर्देशांक 0.91. सहा वर्षांत जवळजवळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मला या आकड्याबद्दल आदर आहे, पण तो जपून वाचावा लागतो. पहिली गोष्ट, आपण कोणत्या खात्याची बेरीज करतो आहोत. 'वाहनं आणि भाग' असं एकच मोठं खातं धरलं की इंजिन पाठवून पूर्ण गाडी आणली तरी ती सारख्याची सारख्याशी अदलाबदल दिसते. खरं तर ते एकाच गाडीच्या बनण्यातले दोन टप्पे आहेत. विंडसरच्या इंजिन कारखान्यातून निघालेलं इंजिन अमेरिकेतल्या ट्रकमध्ये बसतं आणि तोच ट्रक विकायला परत इथे येतो. तेव्हा इंजिनाची किंमत एकदा निर्यातीत आणि एकदा आयातीत मोजली जाते. माझ्या रोजच्या कामात एखादा भाग ओतकामाला इकडे, यंत्रकामाला तिकडे आणि जोडणीला पुन्हा इकडे असा फिरतो. प्रत्येक फेरीत त्याची पूर्ण किंमत आकडेवारीत चढते, फक्त त्या टप्प्यात वाढलेली किंमत नाही. म्हणून खाती बारीक पाडून पाहिली की निर्देशांक खाली येतो, आणि किती खाली येतो त्यावरून कळतं की मूळ आकड्यात विविधतेचा व्यापार किती होता आणि टप्प्यांचा किती.

दुसरी गोष्ट, दर्जा. दोन देश एकमेकांना गाड्या विकत आहेत, पण एकाची गाडी दुसऱ्याच्या दुप्पट किमतीची असेल तर ती वेगळीच कहाणी आहे. अभ्यासक त्यासाठी एका नगाची सरासरी निर्यात किंमत आणि आयात किंमत ताडून पाहतात. फरक साधारण 15 टक्क्यांच्या आत असला तर सारख्याच दर्जाच्या प्रकारांची अदलाबदल मानतात. त्याहून जास्त असला तर उंची आणि स्वस्त मालाचा व्यापार, आणि त्यामागे बहुधा पुन्हा जुनंच कारण सापडतं: कौशल्यातला, पगारांतला फरक. 15 टक्के ही रेघ सोयीसाठी ओढलेली आहे. काही जण 25ची ओढतात आणि त्यांची उत्तरं बदलतात.

आता करारातला तो भाग, ज्याच्याबद्दल इथल्या जुन्या कामगारांशी बोलताना अजून चर्चा रंगते. कोणतं मॉडेल कोणत्या काठावर बनेल हे निसर्ग ठरवत नाही. पोटॅश जिथे आहे तिथेच निघणार, पण माझ्या हिशोबातलं दहावं मॉडेल लहान देशातच का बनावं? गणित फक्त एवढंच सांगतं की ते एकाच जागी बनावं. दहाच्या दहा मॉडेलं मोठ्या देशात गेली तरी गाडीचा खर्च तोच. मग लहान देशाने गाड्यांच्या बदल्यात दुसरंच काहीतरी विकावं लागेल, आणि विंडसरचे कारखाने बंद. ही भीती खरी होती, म्हणूनच कॅनडाने कोरा मुक्त व्यापार घेतला नाही. विनाशुल्क आयात करायची तर कंपनीने कॅनडात जितक्या गाड्या विकल्या त्याच्या ठरावीक प्रमाणात कॅनडात बनवल्या पाहिजेत आणि इथे ठरावीक मूल्यवर्धन झालं पाहिजे, अशा अटी होत्या. त्याशिवाय कंपन्यांनी कॅनडा सरकारला स्वतंत्र पत्रं लिहून दिली: विक्रीतल्या वाढीचा मोठा हिस्सा, गाड्यांच्या बाबतीत 60 टक्के, कॅनडातल्या मूल्यवर्धनात उतरवू, आणि वर 1968पर्यंत 26 कोटी डॉलरची भर घालू. म्हणजे आकाराचा फायदा बाजाराने दिला, पण त्यातला आपला वाटा कॅनडाने टेबलावर बसून मिळवला. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि पाठ्यपुस्तकांत ती एका ओळीत उरकली जाते.

आणि वाटा अपुराही होता. संशोधन, डिझाइन, मोठे निर्णय पलीकडेच राहिले. नव्या मॉडेलसाठी कोणता कारखाना निवडायचा हे आजही विंडसर ठरवत नाही, तर इथली माणसं त्या निर्णयाची वाट पाहतात. विनाशुल्क आयातीची सवलतही कंपन्यांना होती, सामान्य माणसाला नव्हती. नदीपलीकडे जाऊन स्वतःसाठी गाडी विकत घेणाऱ्याला शुल्क भरावंच लागे, त्यामुळे खर्चातली बचत गिऱ्हाइकापर्यंत पूर्ण पोचेल याची खात्री नव्हती.

तरी एका बाबतीत हा बदल इतर व्यापारापेक्षा सौम्य असतो. हंगेरीत जन्मलेले अर्थतज्ज्ञ बेला बलासा यांनी 1960च्या दशकात युरोपच्या सामायिक बाजाराचा अभ्यास करताना हे दाखवलं. शुल्क उठल्यावर एखाद्या देशाचा अख्खा उद्योग बुडेल अशी भीती होती. तसं झालं नाही, प्रत्येक देशाच्या कारखान्यांनी त्याच उद्योगातले थोडे प्रकार उचलले. पोटॅश आणि कापड यांच्या अदलाबदलीत कापडगिरणीतल्या माणसाला खाणीत जावं लागतं, दुसरं गाव, दुसरं कसब. इथे मात्र एका मॉडेलचे दरवाजे काढणारा माणूस त्याच प्रेसवर दुसऱ्या मॉडेलचे दरवाजे काढू लागतो. हे कारखान्याच्या पातळीवर नेहमी खरं ठरत नाही, ज्या छोट्या पुरवठादाराचा एकच भाग बंद पडला त्याला हा सौम्यपणा जाणवत नाही. पण शहराच्या पातळीवर विंडसर टिकलं.

ऑटो पॅक्टचा शेवट बाहेरून झाला. त्याच्या सवलती ठरावीक कंपन्यांनाच मिळतात आणि बाकीच्यांवर अन्याय होतो, अशी तक्रार जपान आणि युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेकडे केली. 2000 साली निकाल कॅनडाच्या विरुद्ध गेला आणि 2001मध्ये करार संपला. तोवर उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार आला होता, त्यामुळे ट्रेलर थांबले नाहीत.

ते कशाने थांबतात तेही पाहिलं आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये आंदोलकांनी अँबेसेडर पूल जवळजवळ आठवडाभर अडवून धरला. दोन देशांतल्या व्यापारातला सुमारे चौथा हिस्सा तेव्हा या एका पुलावरून जात होता. आमच्यासारखे कारखाने फार साठा ठेवत नाहीत, भाग काही तासांच्या अंदाजाने येतात. दोन्ही काठांवर पाळ्या रद्द झाल्या. एका जागी बनवून सगळीकडे पुरवायची पद्धत स्वस्त पडते ती याच भरवशावर की मधला रस्ता उघडा राहील. तो भरवसा डळमळला की पुन्हा साठा, पुन्हा गोदाम, म्हणजे 1960चाच खर्च नव्या रूपात.

एप्रिल 2025 पासून अमेरिकेने आयात गाड्यांवर 25 टक्के शुल्क लावलं आणि कॅनडाने उलट शुल्क लावलं. मात्र अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांच्या व्यापार करारात बसणाऱ्या गाडीवर अमेरिकेने पूर्ण किमतीवर नाही, तर गाडीतला अमेरिकी भाग वजा करून उरलेल्या किमतीवर शुल्क आकारायचं ठरवलं. तेव्हापासून आमच्या कामात एक नवीन रकाना आला आहे. प्रत्येक भागापुढे लिहावं लागतं की तो कुठे ओतला, कुठे घासला, कुठे जोडला आणि प्रत्येक ठिकाणी त्याची किंमत किती वाढली. एका कंसाच्या आकाराच्या लोखंडी पट्टीचा हिशोब लावताना परवा लक्षात आलं की तिचं पोलाद अमेरिकी, वाकवण्याचं काम आमचं, लेप अमेरिकेत आणि जोडणी पुन्हा विंडसरला. ती पट्टी चारशे ग्रॅमचीही नाही. आणि अशा हजारो पट्ट्या मिळून एक गाडी होते.